आंबा, केळी, द्राक्षं आणि वजनकाटा: नागपूरच्या उन्हाळ्यातला हिशेब

मे महिन्याच्या मध्यात माझी मोठी नणंद आमच्याकडे आली. पारा पंचेचाळिसाच्या वर, कूलर घरघरतोय, आणि तिने आल्या आल्या पिशवीतून एक वही काढली. महिनाभरापासून रोज सकाळी चालायला जाते, आंबा बंद, केळं बंद, द्राक्षं तर फेब्रुवारीपासूनच बंद, आणि वजन अठ्ठ्याहत्तर किलो चारशे ग्रॅमवरून हलायला तयार नाही.

"काहून गं असं होऊन राहिलं? मी तं आंबा तोंडालाही लावला नाही."

मी आहारतज्ज्ञ आहे. एप्रिल ते जून या काळात हा प्रश्न रोज दोन-तीन जणांकडून तरी ऐकते. पण घरच्या माणसाचं एक बरं असतं, त्याच्या ओट्याजवळ उभं राहून हिशेब करता येतो. म्हणून हा लेख ताईंच्याच वहीवरून लिहिते आहे, त्यांची परवानगी घेऊन.

आधी साखरेची भीती कुठून आली ते पाहू

फळातली साखर म्हणजे ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज यांचं मिश्रण. सुक्रोज म्हणजे आपली डब्यातली साखर, तिचेही पोटात अर्धे ग्लुकोज आणि अर्धे फ्रुक्टोज असे तुकडे होतात. फ्रुक्टोजचं बहुतेक काम यकृतात चालतं. ते फार आलं आणि एकूण खाणंही गरजेपेक्षा जास्त असलं, तर यकृत त्याची चरबी बनवू शकतं. इथपर्यंत खरं आहे आणि भीती इथूनच पसरली. पण हा प्रश्न प्रामुख्याने गोड पेयांच्या बाबतीत पुढे आला. तीनशे मिलिलिटर कोल्डड्रिंकमध्ये तीस ग्रॅमच्या वर साखर असते आणि ती दोन मिनिटांत घशाखाली जाते. अर्ध्या आंब्यात सतरा-अठरा ग्रॅम साखर असते, सोबत पाणी आणि थोडा चोथा असतो, आणि तो चावावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात हा फरक स्पष्ट केला आहे. कमी करायची ती 'मुक्त' साखर, म्हणजे वरून घातलेली साखर, मध, सरबतं आणि फळांच्या रसातलीही साखर. अख्ख्या फळातली साखर त्यात धरलेली नाही. एकच मोसंबी चावून खाल्ली तर यादीच्या बाहेर, पिळून प्यायली तर यादीच्या आत. ताईंच्या बाबतीत नेमकी हीच ओळ कामाला आली.

वहीत काय सापडलं

सकाळचा चहा, नाश्ता, दोन पोळ्या, वरण, भाजी, सगळं ठीक. मी बाराच्या नोंदीपाशी थांबले: "मोसंबी ज्यूस १ ग्लास." आणि चारची नोंद: "चिवडा थोडा."

"ताई, ज्यूस कशाला?"

"अगं, मोसंबी तं आजारी माणसाला पण देतात. ती काही आंब्यासारखी गोड नसते."

ज्यूसवाला एका ग्लासात चार मोसंब्या पिळतो आणि न विचारता दोन चमचे साखर टाकतो. असा अडीचशे मिलिलिटरचा ग्लास साधारण दीडशे कॅलरींचा होतो, आणि तासाभरात भूक परत लागते. मग मी चिवड्याचा डबा मागवला आणि ताईंना म्हटलं, रोज घेता तेवढा वाटीत काढा. काट्यावर पन्नास ग्रॅम भरला. तळलेल्या पोह्यांचा, शेंगदाणे-खोबरं घातलेला पन्नास ग्रॅम चिवडा म्हणजे अडीचशे कॅलरींच्या जवळपास. म्हणजे आंबा टाळून जी जागा रिकामी झाली, तिथे दिवसाला चारशे कॅलरी येऊन बसल्या होत्या.

आता तुमच्या घरी हाच शोध घ्यायचा असेल तर सुरुवात फळांपासून करू नका. फळ बंद केल्यापासून त्या वेळेला तोंडात काय जातंय, ते तीन दिवस लिहा. 'थोडा', 'जरासा', 'एवढासा' हे शब्द वहीत चालणार नाहीत, वाटी किंवा ग्रॅम लिहा. वजन अडलेलं असेल तर कारण बहुतेक वेळा याच तीन दिवसांत सापडतं.

आंबा एकदा तरी काट्यावर ठेवा

स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या. रोज वापरायची गरज नाही, आठवडाभरात डोळा तयार होतो.

नागपुरात मोसमाच्या मुख्य काळात बैगनफल्लीच जास्त दिसते, आणि ती मोठी असते. आम्ही त्या दिवशी एक फळ ठेवलं: तीनशे साठ ग्रॅम. कापल्यावर साल आणि कोय मिळून एकशे दहा ग्रॅम गेले, गर उरला अडीचशे ग्रॅम. आंब्याच्या शंभर ग्रॅम गरात साधारण साठ कॅलरी असतात. म्हणजे अख्खा आंबा दीडशे कॅलरींचा आणि कोयीच्या एका बाजूची फाक, तिच्या बाजूच्या गरासकट, पाऊणशे कॅलरींची. जेवणातल्या एका पोळीपेक्षाही कमी. ताईंनी काट्याकडे दोनदा पाहिलं. महिनाभर ज्याला घाबरल्या ते एवढंसं निघालं, यावर त्यांचा विश्वास बसेना.

गावरान चोखायच्या आंब्याचं गणित वेगळं आहे. तो लहान असतो, कोय मोठी, रेषा भरपूर, गर निम्माच भरतो. असे दोन आंबे म्हणजे एका फाकेच्या जवळपास. म्हणून 'दिवसाला एक आंबा' हा सल्ला मला कधी पटला नाही. कोणता आंबा? मापात बोलायचं तर वजन कमी करणाऱ्या, मधुमेह नसलेल्या माणसासाठी एका वेळचा वाटा सव्वाशे ते दीडशे ग्रॅम गर. दिवसभरात असे दोन वाटे फळ बहुतेकांना सहज बसतं, मग त्यातला एक आंबा असो की दोन्ही.

आणखी एक गोष्ट, कारण ती हमखास विचारली जाते. आंबे पाण्यात भिजवून ठेवल्याने चीक आणि धूळ निघते, ते जरूर करा. साखर मात्र निघत नाही. ती सालीच्या आत आहे.

खरी गोम रसात आहे

ताईंच्या वहीत एक रविवार कोरा होता. विचारलं तर म्हणाल्या, "तो सोड, त्या दिवशी लेकाकडे रस होता." अक्षय्य तृतीयेला पितरांना रसाचं पान दाखवलं की आपल्याकडे रसाचा रस्ता मोकळा होतो, मग पावसापर्यंत दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी रस असतोच. कुठे सरगुंड्यांसोबत, कुठे मटक्यावरच्या लांब पोळीसोबत, कुठे पुरीसोबत.

तो कोरा रविवार आम्ही आठवून भरला. रस दोन मोठ्या वाट्या, प्रत्येकीत दोनशे ग्रॅम गर आणि दोन चमचे साखर. वर प्रत्येक वाटीत एक चमचा तूप. पाच पुऱ्या. तळलेल्या दोन कुरडया. बेरीज अशी झाली: रस साखरेसकट तीनशे वीस, तूप नव्वद, पुऱ्या चारशे, कुरडया दीडशे. एकूण नऊशे साठ कॅलरी. आता यातला निव्वळ आंबा किती? चारशे ग्रॅम गराचे दोनशे चाळीस. बरोबर चौथा हिस्सा. बाकीचा तीन चतुर्थांश तेल, तूप, कणीक आणि साखर. पण दुसऱ्या दिवशी काटा वर गेला की दोष आंब्यालाच मिळतो.

रसाची स्वतःचीही एक अडचण आहे, ती मान्य करायला हवी. चारशे ग्रॅम गराच्या फोडी चावत बसलात तर अर्ध्यावर तोंड थकतं. तोच गर मिक्सरमधून काढला की पाच मिनिटांत संपतो, आणि गाळला तर चोथाही मागे राहतो. अमेरिकेत 2009 मध्ये सफरचंदावर एक प्रयोग झाला होता. जेवणाआधी काहींना सफरचंदाच्या फोडी दिल्या, काहींना त्याचा गर, काहींना रस, कॅलरी सगळ्यांना सारख्या. काहीच न खाता जेवायला बसण्याच्या तुलनेत, फोडी खाणारे जेवणासकट एकूण पंधरा टक्के कमी खाऊन उठले. रसाने तो परिणाम साधला नाही. आंब्याबाबत वेगळं काही घडेल असं मला वाटत नाही.

तरीही रस बंद करा असं मी नागपुरात राहून सांगणार नाही, सांगितलं तरी कुणी ऐकणार नाही. ताईंसाठी आम्ही रविवारचं ताट असं मांडलं: रसाची एकच लहान वाटी, दीडशे ग्रॅम, साखर अजिबात नाही. पिकलेल्या बैगनफल्लीला साखर लागत नाही. लागत असेल तर फळ कच्चं उतरवून पिकवलेलं आहे, त्याचा रस करू नका, फोडी करून खा. वेलची आणि चिमूटभर सुंठ. तूप एक चमचा, तेवढं राहू दिलं. पुऱ्यांऐवजी दोन पोळ्या. एक वाटी वरण, काकडीची कोशिंबीर, एक कुरडई. हे ताट पाचशे चाळीसच्या आसपास बसतं. क्रम महत्त्वाचा आहे: आधी कोशिंबीर आणि वरण-पोळी, रस शेवटच्या पोळीसोबत. रिकाम्या पोटी रसाची वाटी समोर आली की दुसरी मागितली जातेच.

केळं: बदनामी शेजाऱ्यांमुळे

बारीक मुलाला 'अंग धरू दे' म्हणून केळी-दूध देतात, तिथून केळ्याचं नाव खराब झालं. सोललेलं मध्यम केळं शंभर ग्रॅमचं असतं, त्यात नव्वद कॅलरी. सालीसकट ते दीडशे ग्रॅम भरतं, म्हणून ठेल्यावर डझन घेताना एक हातात तोलून पाहा. जळगावची लांबलचक केळी कधी कधी याच्या दीडपट निघतात. तशी असतील तर अर्धं केळं किंवा त्या दिवशीचं दुसरं फळ लहान.

अंग केळ्याने धरत नाही, केळ्याच्या शेकने धरतं. दोन केळी एकशे ऐंशी, सायीचं म्हशीचं दूध एक ग्लास सव्वादोनशेच्या आसपास, तीन चमचे साखर साठ. साडेचारशेच्या पुढे गेलात, आणि हे 'काही जेवले नाही, नुसता शेक प्यायले' या नावाखाली. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीनंतर येणाऱ्या शिकरणाचंही तेच.

काळे ठिपके पडलेलं केळं जास्त गोड लागतं, म्हणून काही जण ते टाळतात. पिकताना केळ्यातला स्टार्च साखरेत बदलतो, त्यामुळे चव बदलते आणि रक्तातली साखर थोडी लवकर चढते. एकूण कॅलरी जवळपास तेवढ्याच राहतात. वजनाच्या हिशेबात ठिपक्यांना घाबरायचं कारण नाही.

द्राक्षं: इथे मात्र सांभाळा

तिघांत मला खरी काळजी द्राक्षांची वाटते, आणि साखर हे त्याचं मुख्य कारण नाही. आंब्याला कोय असते, केळ्याला साल असते, ते संपल्याचं डोळ्यांना दिसतं. बिनबियांच्या द्राक्षाला संपल्याची खूणच नाही. मालिका लागलेली, मांडीवर अर्ध्या किलोचा डबा, आणि जाहिरात येईपर्यंत नुसते देठ. अर्धा किलो द्राक्षं म्हणजे साडेतीनशे कॅलरी, तीही जेवणानंतर. चोथाही त्यांत तिघांत सर्वांत कमी.

उपाय एकच आणि तो बाजारातून आल्याबरोबर करायचा. धुऊन, देठ काढून, सव्वाशे ग्रॅमचे वाटे लहान डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा. सव्वाशे ग्रॅमला साधारण पंचवीस-तीस मणी बसतात, मोठे असतील तर वीस. यात ऐंशी-पंच्याऐंशी कॅलरी. उन्हाळ्यात हाच डबा फ्रीझरमध्ये ठेवला तर गोठलेली द्राक्षं एकेक करूनच खावी लागतात, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. लहान मुलांना मात्र अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात, उभी कापून द्या. आणि मनुका म्हणजे वाळलेली द्राक्षंच. तीस ग्रॅमची मूठ नव्वद कॅलरींची होते, तेव्हा 'द्राक्षं बंद केली, मनुका सुरू केल्या' यात काही कमावलं नाही.

फळ कधी खायचं

सूर्यास्तानंतर फळ खाऊ नये, जेवणावर खाल्लं तर पोटात सडतं, असं बरंच ऐकू येतं. पोटातल्या आम्लात फळ सडत बसत नाही आणि चरबी घड्याळ पाहून साठत नाही. प्रश्न एवढाच की ते फळ कशाच्या *जागी* आलं. जेवण पूर्ण झाल्यावर आंबा आला तर तो वरचा आहे. जेवणातच हवा असेल तर एक पोळी कमी करून घ्या. माझ्या अनुभवात सर्वांत चांगली जागा दुपारी चारची, चहासोबत डबे उघडायची जी वेळ असते ती.

ताईंची चारची नोंद आम्ही बदलली: आंब्याची एक फाक फोडी करून, सव्वाशे ग्रॅम, आणि वीस ग्रॅम फुटाणे. दोन्ही मिळून दीडशे. नुसत्या आंब्यावर सहापर्यंत तग धरत नाही, फुटाण्यांनी धरतो. बाराचा ज्यूस गेला, त्या जागी ताक आलं. मोसंबी खायचीच असेल तर सोलून. चारशेच्या जागी एकशे नव्वद झाले, म्हणजे रोज दोनशेहून थोडं जास्त वाचलं. रविवारी चारशे वीस.

काटा काय सांगतो, काय नाही

इथे बहुतेक जण फसतात. पहिल्या रविवारनंतर सोमवारी सकाळी ताईंचा फोन: "सातशे ग्रॅम वाढले! म्हटलं होतं ना, आंबाच." एक किलो चरबी अंगावर चढायला ढोबळमानाने सात हजार सातशे कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. आदल्या दिवशीच्या अख्ख्या ताटातही तेवढ्या नव्हत्या. भरपेट जेवणाच्या दुसऱ्या दिवशी जे वाढतं ते पाणी असतं. पिठूळ-गोड खाल्लं की स्नायू आणि यकृत त्यातला काही भाग साठवतात आणि त्यासोबत पाणी धरतात. कुरडई-लोणच्याचं मीठही पाणी धरतं. शिवाय आतड्यात अन्न असतंच. ते बुधवार-गुरुवारपर्यंत उतरतं.

म्हणून फळाची परीक्षा घ्यायची तर अशी घ्या. रोजचं फळ ठरवलेल्या मापात तीन आठवडे चालू ठेवा, बाकी काही बदलू नका. वजन सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी, मंगळवार, गुरुवार, शनिवार असं करा आणि आठवड्याची सरासरी काढा. सोमवारी काट्यावर उभंच राहू नका. तीन आठवड्यांत सरासरी उतरत असेल तर फळ अडथळा नाही. एका जागी असेल तर आधी तेल, वरचं खाणं, पेयं आणि पोळ्यांची संख्या पाहा. फळाचा वाटा सगळ्यात शेवटी कमी करा, कारण तो गेला की जागा परत चिवड्याने भरते.

हे माप कुणाला लागू नाही

मधुमेह असेल तर साखरेचा प्रश्न खरा आहे, वजनापेक्षा वेगळा. तेव्हा वाटा निम्मा, साठ-सत्तर ग्रॅम गर, जेवणातली पोळी किंवा भात कमी करून. घरी ग्लुकोमीटर असेल तर खाण्याआधी आणि दोन तासांनी मोजा. तुमच्या रक्ताला आंबा झेपतो की नाही हे कुणाच्या तक्त्यापेक्षा ते दोन आकडे जास्त खरं सांगतील. ते आकडे डॉक्टरांना दाखवा, आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पोळी-भात परस्पर कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना केळ्यातलं पोटॅशियम त्रास देऊ शकतं, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच फळ ठरवावं. फॅटी लिव्हर सांगितलं असेल तर फळ चावून खा, ज्यूस आणि शेक पूर्ण बंद.

ताईंचं पुढे काय झालं ते सांगते. सहा आठवडे झाले, जूनचा शेवट आला, बैगनफल्ली संपून ठेल्यांवर दसेरी आणि लंगडा आले. चालणं पूर्वीइतकंच, जेवण पूर्वीचंच, आंबा जवळपास रोज. वहीतली शेवटच्या आठवड्याची सरासरी सत्त्याहत्तर किलो शंभर ग्रॅम. कागदावरच्या हिशेबानेही तेवढंच, एक किलो तीनशे ग्रॅम येत होतं. दोन लग्नांची जेवणं मधे झाली होती, तरीही.

"बरं, आंबा तं संपून राहिला," त्या फोनवर म्हणाल्या, "पण पुढं सीताफळं येतील, त्याचं किती?"

सीताफळाच्या शंभर ग्रॅम गरात शंभरच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे आंब्याहून बऱ्याच जास्त. पण फळाचं अर्धं वजन साल आणि बियाच खातात. मी म्हटलं, बिया एका ताटलीत काढत जा आणि शेवटी साल-बिया काट्यावर ठेवून मला आकडा सांगा.